शेवटचा ‘नये’ कापू नका

खरिपात फवारणीचे दिवस आले की जामनेर तालुक्यातल्या पहूरच्या शेतकऱ्याच्या खिशातला मोबाइल दिवसातून चार वेळा वाजतो. हवामान, कीड, पीकविमा, विजेचे बिल, कर्जाचा हप्ता असे सगळे आता संदेशानेच कळवले जाते. हे संदेश मराठीत असावेत ही मागणी जुनी आणि रास्त होती, आणि ती बऱ्याच अंशी मान्यही झाली. पण मराठी मजकूर ज्या मापाने मोजला जातो आणि जागा संपली की ज्या रीतीने छाटला जातो, ते माप आणि ती रीत मराठीसाठी बनलेली नाही. परिणामी अक्षरे तर मोडतातच, पण त्याहून वाईट म्हणजे वाक्य धडधाकट दिसत असताना त्याचा अर्थ उलटू शकतो. ‘करू नये’चे ‘करू’ होऊ शकते. ज्या गावात त्या एका शब्दावर दिवसभराची मजुरी आणि औषधाचा खर्च ठरतो, तिथे ही किरकोळ तांत्रिक बाब म्हणून सोडून देता येणार नाही.

नमुन्यादाखल एक संदेश घेऊ. तो आम्हीच तयार केला आहे, पण कृषी सल्ल्याची नेहमीची भाषा अशीच असते.

पहूर पेठ: पुढील तीन दिवस पाऊस असल्याने कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करू नये.

वाचणाऱ्याच्या डोळ्यांना यात चाळीस अक्षरे दिसतात. मोबाइलच्या यंत्रणेला मात्र, मधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून, त्यात ७४ चिन्हे दिसतात. एका मराठी एसएमएसमध्ये मावतात ७०. म्हणजे चार चिन्हे जास्त झाली. ती शेपटाकडून छाटली तर काय जाते? न, य, त्यावरची मात्रा आणि पूर्णविराम. उरलेला संदेश असा:

पहूर पेठ: पुढील तीन दिवस पाऊस असल्याने कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करू

पहूरमध्ये दोन ग्रामपंचायती आहेत, पेठ आणि कसबे. ‘पेठ’च्या जागी ‘कसबे’ घातले तर एक चिन्ह वाढते आणि कात्री बरोबर ‘करू’च्या शेवटावर पडते. म्हणजे दोन्ही गावांत तोच प्रकार. कोणतेही अक्षर तुटलेले नाही, स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटलेले नाही. घाईत वाचणाऱ्याला वाटेल की पुढे पाऊस आहे, तेव्हा आजच फवारणी उरकून घ्या असे सांगितले आहे. त्याने मारलेले औषध रात्रीच्या सरीत धुऊन जाईल. संदेश पाठवणाऱ्याच्या नोंदवहीत मात्र ‘पोहोचला’ असाच शेरा पडलेला असेल.

सत्तरचा हा आकडा आला कुठून? एसएमएसची मर्यादा मुळात अक्षरांची नव्हती, ती बाइटची होती. एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट. १९८०च्या दशकात युरोपात ही व्यवस्था आखली गेली तेव्हा रोमन अक्षरे, आकडे आणि काही चिन्हे एवढ्यांसाठी सात बिट पुरेसे होते. १,१२० भागिले सात, म्हणून इंग्रजीला १६० जागा मिळाल्या. देवनागरी त्या मूळ तक्त्यात नाही. तिच्यासाठी प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागणारी पद्धत वापरतात, आणि १,१२० भागिले सोळा म्हणजे ७०. शिवाय ही अट सबंध संदेशाला एकदम लागू होते. दीडशे रोमन अक्षरांच्या इंग्रजी मजकुरात एक जरी मराठी अक्षर आले, इतकेच काय रुपयाचे ₹ हे चिन्ह आले, तरी अख्ख्या संदेशाची हद्द १६० वरून ७० वर येते. ज्या साध्या फोनवर लिहिताना उरलेल्या जागांचा आकडा दिसतो, त्यावर पहिले मराठी अक्षर टाइप करताच तो आकडा कसा घसरतो हे कोणालाही पाहता येईल.

मजकूर ७० च्या पुढे गेला तर दोन संदेश जोडून पाठवता येतात. पण जोडणीची खूणगाठ ठेवण्यासाठी प्रत्येक तुकड्यातून काही जागा जाते आणि मराठीला तुकड्यामागे ६७ चिन्हे उरतात. पैसे दोन संदेशांचे पडतात. आता गंमत पाहा. वरचाच सल्ला इंग्रजीत लिहिला तर सुमारे ९० चिन्हे लागतात. म्हणजे मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा आखूड आहे. तरी इंग्रजी वाक्य एका संदेशात आरामात बसते आणि मराठीला दोन संदेशांचे बिल येते. लाखभर शेतकऱ्यांना पाठवायचे असेल तर एक लाखाऐवजी दोन लाख संदेशांची तरतूद हवी. ती नसली की पाठवणाऱ्यापुढे तीन वाटा उरतात: मराठी सोडून इंग्रजीत लिहायचे, मराठी रोमन लिपीत लिहायचे, किंवा मजकूर छाटायचा. ‘शेतकरी बंधूंनो’ हे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले संदेश आपल्याकडे का येतात, याचे एक उत्तर या हिशेबात आहे. पण आमचा मुख्य आक्षेप तिसऱ्या वाटेवर आहे, कारण पहिल्या दोन वाटांनी वाचणे अवघड होते, तर तिसरी सरळ दिशाभूल करते.

छाटणीचे आजचे सगळे साधे नियम शेपूट कापतात. जागा संपली की पुढचे टाकून द्यायचे. इंग्रजी वाक्यात हे बहुतेक वेळा खपून जाते, कारण ‘डू नॉट स्प्रे’ सुरुवातीलाच येते. त्या इंग्रजी सल्ल्याचे शेवटचे दहा शब्द गेले तरी ‘फवारू नका’ एवढे हाती राहते. मराठीची घडण वेगळी आहे. आधी काळ, मग कारण, मग वस्तू आणि अगदी शेवटी क्रियापद. नकार तर त्या क्रियापदाच्याही मागे बसतो. नाही, नये, नका, नको हे शब्द वाक्याच्या टोकाला असतात. म्हणून मराठीत शेपूट हा वाक्याचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग नसून बहुधा निकालाचा भाग असतो. ‘ई-केवायसी पूर्ण असल्यास हप्ता बंद होणार नाही’ यातले शेवटचे चार-पाच ठसे पुसले की ‘हप्ता बंद होणार’ उरते, आणि दुसऱ्या दिवशी बँकेसमोर रांग लागते. ‘धरणातून पाणी सोडणार नाही’ आणि ‘धरणातून पाणी सोडणार’ यांतला फरक वाघूरकाठच्या लोकांना समजावून सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल की आता सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत, लांब संदेश आपोआप जोडून दिसतो. ते खरे आहे, पण अर्धेच. स्मार्टफोनवरही संदेश आला की आधी वरच्या पट्टीत त्याची पहिली ओळ-दीड ओळ दिसते आणि पुढे तीन टिंबे. शेतात असलेला, हात औषधाने माखलेला माणूस पुष्कळदा तेवढेच वाचतो. मराठी वाक्याची पहिली दीड ओळ म्हणजे ‘पुढील तीन दिवस पाऊस असल्याने कपाशीवर’. काय करायचे, काय नाही, हे टिंबांच्या मागे. त्यामुळे तार संपूर्ण पोहोचूनही निरोप अर्धाच पोहोचतो. एकूण लांबीची मर्यादा सैल झाली म्हणून हा प्रश्न सुटत नाही. पहिल्या चाळीस चिन्हांत काय आहे, हा प्रश्न उरतोच.

दुसरा भाग जोडाक्षरांचा. ज्यांनी खिळ्यांची छपाई पाहिली आहे त्यांना आठवेल की ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचे स्वतंत्र खिळे असत. उपसंपादक मथळ्याची रुंदी डोळ्यांनी जोखत असे. त्याच्या लेखी ‘क्ष’ हे एक अक्षर होते. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीला, अनुस्वाराला आणि पाय मोडल्याच्या खुणेला वेगळा क्रमांक आहे, आणि मोजणी या क्रमांकांची होते. त्यामुळे ‘क्ष’ तीन चिन्हांचे होते: क, पाय मोडल्याची खूण, ष. ‘श्री’ चार चिन्हांचे, ‘स्त्री’ सहा चिन्हांचे. पानावर दोन्ही एकेकच अक्षर. यात युनिकोडचा दोष नाही. साठवण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, तिच्यामुळेच शोध घेणे, वर्णानुक्रम लावणे शक्य होते. दोष आहे तो साठवणुकीचे एकक जसेच्या तसे कात्रीचे एकक मानण्यात.

कात्री जोडाक्षराच्या मधून गेली की काय होते ते ‘प्रादुर्भाव’ या शब्दावर पाहू. बोंडअळीविषयीच्या प्रत्येक संदेशात हा शब्द असतो. पानावर चार अक्षरे, यंत्रात अकरा चिन्हे. आठव्या चिन्हावर कापले तर ‘प्रादुर्’ उरते, शेवटचा र पाय मोडून लोंबकळतो. एक चिन्ह आधी कापले तर ‘प्रादुर’ असा नीटस पण अर्थहीन शब्द उरतो. रफार होणारा र चक्क पूर्ण र होऊन बसतो. आणि तुटलेला भाग पुढच्या तुकड्याच्या आरंभी आला तर त्यातल्या सुट्या मात्रेला टेकायला व्यंजन मिळत नाही. मग फोन तिच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. संदेश माणसाने आवरला की यंत्राने छाटला हे ओळखायच्या या खुणा आहेत: शेवटी लोंबकळता पाय, आरंभी ठिपक्यांचे वर्तुळ. मात्र ‘प्रादुर’सारखी, काहीच खूण न ठेवणारी छाट अधिक धोक्याची. आकड्यांत तर ती ओळखताच येत नाही. ‘१० लिटर पाण्यात २० मिली’ या सूचनेतला शेवटचा भाग जाऊन ‘१० लिटर पाण्यात २’ एवढे उरले, तर २ हाही एक आकडाच आहे. त्यात मोडल्यासारखे काहीच दिसत नाही.

मराठीची आणखी एक खास अडचण ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातच आहे. त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र व्यंजन वापरतात, तेव्हा संपूर्ण शब्द अकरा चिन्हांचा होतो. दुसऱ्यात साधा र, पाय मोडल्याची खूण आणि नंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात, तेव्हा तो बारा चिन्हांचा होतो. दिसायला दोन्ही सारखेच. पण सत्तरच्या हिशेबात ते अदृश्य चिन्हही एक जागा खाते. आणि ‘अनावश्यक चिन्हे काढा’ असे सांगितलेले एखादे सॉफ्टवेअर नेमके तेच काढून टाकते. मग ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, म्हणजे रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो. सरकारी पत्रकांपासून दुकानाच्या पाट्यांपर्यंत ही चूक सर्रास दिसते आणि लोक ती लिहिणाऱ्याच्या अज्ञानावर टाकतात. पुष्कळदा ती यंत्राची करणी असते.

हे सगळे जगाच्या लक्षात आलेलेच नाही असेही नाही. वाचकाला जे एक अक्षर वाटते ते यंत्राने कुठे तोडू नये, याचा नियम युनिकोडच्या प्रमाणात आहे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीपर्यंत त्या सर्वसाधारण नियमात ‘क्ष’चे क् आणि ष असे दोन तुकडे पडत. देवनागरी, बंगाली, गुजराती यांसारख्या लिप्यांची जोडाक्षरे अखंड धरायची, हे त्या आवृत्तीत आले. म्हणजे जे सॉफ्टवेअर त्याआधीच्या नियमावर चालते ते ‘नियमाप्रमाणे’ वागूनही आपले जोडाक्षर मोडते. अनेक कार्यालयांतली प्रणाली त्याहून जुनी आहे, आणि तिला असा कोणताच नियम शिकवलेला नाही.

जुन्या प्रणालींत तर आणखी खालच्या पातळीवर कात्री चालते. तिथे रकान्याची रुंदी चिन्हांत न सांगता बाइटमध्ये सांगितलेली असते. सध्या प्रचलित साठवण पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. अक्षरे चार, चिन्हे दहा, बाइट तीस. रोमन लिपीत हेच नाव अकरा बाइटमध्ये संपते. वीस बाइटचा रकाना असेल तर ‘ज्ञाने’ एवढे बसते, अठरा बाइट भरतात, आणि उरलेल्या दोन बाइटांत पुढच्या ‘श’चा दोन तृतीयांश तुकडा कोंबला जातो. त्याला अर्थ नसतो, म्हणून पडद्यावर काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. शेतकऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी पूर्ण ओळ अशा रकान्यात कधीच मावणार नाही. मग कागदपत्रांतले नाव एक, पोर्टलवरचे दुसरे, आणि ‘नाव जुळत नाही’ म्हणून अर्ज परत. चूक कोणाची, हे खिडकीवर बसलेल्यालाही सांगता येत नाही.

व्यावसायिक आणि शासकीय घाऊक संदेशांना याशिवाय एक चौकट आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार अशा संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो. साच्यात बदलत्या मजकुरासाठी मोकळ्या जागा सोडतात, आणि त्या प्रत्येक जागेला ३० चिन्हांची मर्यादा चालत आली आहे. फसवे संदेश रोखण्यासाठी ही व्यवस्था आवश्यकच आहे. पण तीस चिन्हांचे माप मराठीत किती तोकडे पडते पाहा. ‘कृषी उत्पन्न बाजार समिती, जामनेर’ यात अक्षरे पंधरा, पण चिन्हे ३२. तिसाव्यावर थांबलात तर हाती येते ‘जामन’. मजकूर साच्यात बसला नाही तर संदेश अडवलाही जाऊ शकतो. जाणकार लोक मग दोन जागा शेजारी शेजारी जोडून घेतात. त्याहून सोपा उपाय आपल्या बोलण्यातच आहे. सगळा तालुका तिला ‘बाजार समिती’च म्हणतो. ‘बाजार समिती, जामनेर’ एवढे लिहिले की १९ चिन्हांत काम होते. पण हे ठरवायला साचा नोंदवताना मराठी जाणणारा माणूस टेबलाशी हवा. ‘इंग्रजीतून भाषांतर करून चिकटवा’ या पद्धतीने ते होणार नाही.

इथे एका योगायोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. १४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातली तारसेवा थांबली, आणि दोनच दिवसांनी, १६ जुलैला, शेतकऱ्यांना मोबाइलवर सल्ला देणाऱ्या ‘एम-किसान’ सेवेचे राष्ट्रपतींच्या हस्ते उद्‌घाटन झाले. तारेतही शब्दांना पैसे पडत. पण तिथे आवरते घेण्याचे काम लिहिणारा स्वतः करी. कोणता शब्द गेला तरी चालेल आणि कोणता जाता कामा नये, याचा विचार तो फॉर्म भरतानाच करी. लांबलचक मजकूर द्यायचा आणि तारमास्तराने वाटेल तिथे तोडायचा, असे कधी झाले नाही. आज नेमके तेच होते आहे. लिहिणारा प्रशस्त लिहितो, मोजणारे यंत्र आहे, कापणारेही यंत्र आहे, आणि कापल्यानंतर काय उरले ते कोणीच वाचत नाही.

म्हणून पहिली सुधारणा लेखणीची हवी, आणि ती आजपासून, एक पैसा न खर्चता करता येते. वरचाच संदेश असा लिहून पाहा:

पहूर पेठ: कपाशीवर फवारणी टाळा. पुढील तीन दिवस पाऊस. साचलेले पाणी काढा.

हा बरोबर ७० चिन्हांचा आहे. पहिल्या मजकुरापेक्षा चार चिन्हांनी कमी, आणि तरी त्यात एक सूचना जास्त आहे. आदेश आधी आला, कारण नंतर. ‘करू नये’ या दोन शब्दांच्या जागी ‘टाळा’ हा एकच शब्द आला. नकार त्याच्या पोटात आहे, त्यामुळे तो क्रियापदापासून तुटून पडू शकत नाही. ‘कीटकनाशकाची’ या शब्दाच्या अकरा जागा वाचल्या, कारण पाऊस असेल तर कोणतीच फवारणी करायची नाही. हा संदेश तिसाव्या चिन्हावर तोडा, पन्नासाव्यावर तोडा, अर्थ उलटत नाही. पहूर कसब्यासाठी तो ७१ चिन्हांचा होतो. जातो तो शेवटचा पूर्णविराम. वरच्या पट्टीत पहिली ओळच दिसली तरी काम भागते. ‘शेतकरी बंधूंनो,’ या संबोधनाला पुढच्या मोकळ्या जागेसह सोळा चिन्हे जातात, सत्तरातली जवळजवळ पाव जागा. आदर सल्ल्याच्या उपयोगातून दिसू द्या. संबोधन पत्रकासाठी राखून ठेवा.

फवारणीविषयीची वाक्ये एवढी तोलून लिहायला हवीत याचे कारण आपल्या राज्याने पाहिले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे वेगळी होती, मोबाइल संदेशांशी तिचा संबंध जोडणे चुकीचे ठरेल. पण औषध कोणते, किती, केव्हा आणि कोणत्या वेळी मुळीच नाही, या सूचनांत अर्धवटपणा परवडत नाही, एवढा धडा त्यातून घ्यायलाच हवा.

दुसरी सुधारणा यंत्रणेची. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला आणि वर्णलिपी यांविषयी निर्णय काढून ल आणि श कसे लिहावेत हेही ठरवून दिले. अक्षराचा आकार ठरवणाऱ्या शासनाने अक्षर कुठे तोडू नये हेही ठरवून द्यावे. शासनासाठी बनणाऱ्या प्रत्येक प्रणालीच्या निविदेत चार साध्या अटी हव्यात. रकान्याची रुंदी बाइटमध्ये नको. मजकूर कापायची वेळ आलीच तर आधीच्या पूर्ण शब्दाच्या शेवटी कापावा आणि पुढे टिंबे द्यावीत. जोडाक्षर किंवा आकडा मध्येच तोडू नये. आणि सूचना, इशारा किंवा आदेश देणारा संदेश यंत्राने कापूच नये; लांब झाला तर लिहिणाऱ्याकडे परत पाठवावा. यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. शब्दाच्या सीमेवर नीट कापलेला ‘फवारणी करू…’ हाही तितकाच घातक आहे. कोणते सॉफ्टवेअर ‘नये’ किती मोलाचा हे ओळखेल अशी आशा धरण्यापेक्षा त्याच्या हातची कात्री काढून घेणे शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट पैशाची. घाऊक संदेशांचे कंत्राट देताना मराठीसाठी दोन जोडसंदेश, म्हणजे १३४ चिन्हे, गृहीत धरूनच तरतूद करावी. मराठीत कळवणे हे शासनाचे कर्तव्य असेल तर त्याचा खर्च हा जादा खर्च मानता येणार नाही. दीर्घ पल्ल्याचा एक उपायही कागदावर आहे. मोबाइल संदेशांच्या जागतिक प्रमाणात भारतीय भाषांसाठी सात बिटांचे वेगळे तक्ते आहेत. त्यांत हिंदीचे नाव आहे, मराठीचे नाही. पण हिंदीच्या तक्त्यात ळ आणि ऱ दोन्ही आहेत, त्यामुळे मराठीचे काम त्यावर भागते. तो तक्ता वापरला तर एका संदेशात ७० ऐवजी १५५ चिन्हे मावतात. अडचण अशी की पाठवणारी यंत्रणा, मधले जाळे आणि घेणारा फोन या तिघांनाही तो कळला पाहिजे. एकाला नाही कळला तर मजकुराचा चिवडा होतो. त्यामुळे घाऊक संदेश विकणाऱ्यांचा हिशेब आजही सत्तरचाच आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या प्रमाणामुळे देशातल्या फोनवर भारतीय भाषांतला मजकूर वाचता येणे सक्तीचे झाले, तसाच आग्रह या तक्त्यांसाठी धरता आला असता. तो अजूनही धरता येईल, आणि मराठी भाषा विभागाने केंद्राकडे तो धरावा.

पण केंद्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. येत्या हंगामाआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाने आपले नोंदवलेले साचे काढावेत. प्रत्येक संदेशावर दोन ठिकाणी आडवी रेघ मारावी, चाळिसाव्या चिन्हापाशी आणि सत्तराव्यापाशी. रेघेपुढचे झाकून, सल्ला ज्याला पाठवायचा आहे अशा एखाद्या शेतकऱ्याला तो वाचायला द्यावा आणि ‘काय करायला सांगितले आहे?’ एवढेच विचारावे. त्याचे उत्तर उलटे आले तर तो साचा रद्द करून नवा लिहावा, आणि संदेश मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने ही तपासणी केल्याची सही त्यावर असावी. उद्या चुकीच्या सल्ल्याने कोणाचे नुकसान झाले तर ‘सॉफ्टवेअरने कापला’ हे उत्तर ऐकून घेतले जाणार नाही. संदेश ज्याच्या नावाने गेला, तोडल्यावर त्याचा जो अर्थ उरला, त्याची जबाबदारीही त्याचीच.